मागे जाण्याची परीक्षा

आमच्या ऑफिसात एक डबा होता. डबा म्हणजे कॉम्प्युटरच, पण सगळे त्याला डबाच म्हणायचे. बत्तीस बिटवाला विंडोज सेव्हन, पिवळा पडलेला कॅबिनेट, आणि चालू केला की आधी थोडा वेळ विचार करणारा. त्यावर विंडोजचं एकही नवं अपडेट मी टाकू दिलं नव्हतं. मुद्दामच. आमची गिऱ्हाइकं तशीच मशीनं वापरत होती.

आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. भिवंडीतच, एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली कापड विणायचे लूम चालतात, त्यामुळे टेबलावरचा चहा दिवसभर थरथरत असतो. वाडा रोडला, अंबाडीला, गणेशपुरीला, पार आत शहापूरपर्यंत छोट्या छोट्या लॅब आमचं सॉफ्टवेअर वापरतात. रक्त तपासायचं त्यांचं यंत्र एका जाड वायरने जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, आणि यंत्रासोबत आलेला ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा प्रोग्राम, नव्या विंडोजवर चालत नाही. यंत्र बदलायचं तर लॅबच विकायला काढावी लागेल. म्हणून ते बिचारे विंडोज सेव्हनला चिकटून बसलेत. यात हसण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. आमच्या ऑफिसात मात्र यावर दिवसभर हसणं चालायचं.

माझं काम तपासायचं. नवीन व्हर्जन आलं की ते जुन्या मशीनवर बसतंय का, जुन्या व्हर्जनवर चढतंय का, आणि मध्येच काही फिसकटलं तर सगळं पूर्वीसारखं होतंय का, हे बघायचं. शेवटच्याला आम्ही रोलबॅक म्हणतो. सोप्या भाषेत सांगायचं तर मागे येता येणं. घर रंगवायला काढावं आणि रंगारी अर्ध्यात पळून जावा, तर निदान जुन्या भिंती तरी शाबूत राहाव्यात, एवढीच अपेक्षा. हे काम कंटाळवाणं आहे. डब्यावर एकदा बिघडवून पुन्हा सगळं नव्याने लावायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. मी तो घालवायचे. कुणी शाबासकी द्यावी म्हणून नव्हे, मला दुसऱ्याच्या मशीनची वाट लावायला लाज वाटते म्हणून.

मग आमच्या मालकांनी टेस्टिंगला हेड आणला. पुण्यातून. हा माणूस आला तेव्हा लॅपटॉपच्या बॅगेवर कुठल्या तरी परिषदेचा बिल्ला लटकत होता, आणि तो त्याने कधीच काढला नाही. बोलताना नाकाने कांदे सोलायचा. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने सांगितलं की अख्खं जग आता व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, टेस्टिंग करतं, आणि आपण म्युझियम मांडून बसलोय. त्याने आपल्या लॅपटॉपमध्ये एका खिडकीत विंडोज सेव्हन चालवून दाखवलं. त्यात सगळं काही बिघडवलं, आणि एक बटण दाबलं. क्षणात सगळं होतं तसं. मालकांनी टाळी वाजवली. हेड म्हणाला, हा बघा रोलबॅक, एका क्लिकवर.

मी तिथेच सांगितलं की हा आपल्या सेटपचा, म्हणजे नवीन व्हर्जन बसवणाऱ्या प्रोग्रामचा, रोलबॅक नाही. तुम्ही मशीनचा आधीच काढून ठेवलेला स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या मशीनची जशीच्या तशी प्रत, परत लावलीत. आपला सेटप काय मागे घेतो आणि काय तसंच सोडतो, ते यात कळलंच नाही, कारण तुम्ही सगळं पुसूनच टाकलंत. शिवाय तुमच्या त्या खिडकीतल्या विंडोजवर झाडून सगळी अपडेट्स आहेत. गिऱ्हाइकाकडे एकही नाही.

हेड माझ्याकडे बघून हसला. कीव आल्यासारखा. मग म्हणाला, मॅडम, चेंजला घाबरू नका.

चेंजला घाबरू नका म्हणे! अरे, मी या गावात जकात नाका होता तेव्हापासून कॉम्प्युटर हाताळतेय. पण मालक मान डोलवत होते, आणि मालकांची मान एकदा डोलायला लागली की थांबत नाही. पुढच्या आठवड्यात डबा भंगारवाल्याकडे गेला आणि त्या कोपऱ्यात वॉटर कूलर आला. हेडला थंड पाणी लागायचं.

त्या वेळी जे नवीन व्हर्जन निघणार होतं, त्यात मोठं काम होतं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असायची. म्हणजे आत खरं तर इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्टच्या जादूने दिसायला मराठी. नव्या व्हर्जनमध्ये ती सगळी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्याखुऱ्या मराठी अक्षरांत बदलायची होती. सेटप चालवला की तो आधी जुन्या डेटाची एक बॅकअप कॉपी काढणार, मग डेटा बदलणार, मग बाकीचं बसवणार. मी विचारलं होतं की डेटा बदलून झाल्यावर पुढे कुठे अडकलं तर? हेडने तपासणीच्या शीटवर रोलबॅकच्या पुढे हिरव्या रंगात ‘पास’ लिहिलं आणि विषय संपवला. त्याच्या मते ते तपासून झालं होतं. बटण दाबून.

अंबाडी नाक्यावर एक लॅब आहे, एका ताईंची. नवऱ्याच्या माघारी एकटीने चालवतात. आसपासच्या पाड्यांवरची माणसं त्यांच्याकडे येतात, शेतावर नाहीतर मजुरीवर जाणारी. त्यांच्यातल्या कितीतरी पोरांना सिकल सेल आहे, रक्ताचा आजार. त्यांचं हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा बघावं लागतं, आणि डॉक्टरला आधीचे आकडे हवे असतात. पाड्यावर कागद कुठे टिकतात? पावसात भिजतात, चुलीत जातात, पोरं होड्या करतात. म्हणून त्या पोरांचे वर्षानुवर्षांचे रिपोर्ट फक्त ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये होते. दुसरीकडे कुठेच नाहीत. ताई मला एकदा म्हणाल्या होत्या, या कॉम्प्युटरला काही झालं तर ही पोरं पुन्हा पहिल्यापासून.

नवीन व्हर्जन निघालं त्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. फोन आमच्या सपोर्टवाल्याने घेतला. मी शेजारच्या टेबलावर होते, ऐकत होते. सेटप शेवटी शेवटी अडकला, एरर आली, आणि ‘सर्व बदल मागे घेतले’ असं सांगून बंद झाला. ताईंनी जुनं सॉफ्टवेअर उघडलं तर ते म्हणतंय की डेटा नवीन व्हर्जनचा आहे, मी उघडणार नाही. सपोर्टवाल्याने काय केलं असेल? जे तो कायम करतो तेच. म्हणाला, एकदा परत टाकून बघा. ताईंनी परत टाकला. पुन्हा तेच. मग हा दीडशहाणा त्यांच्या मशीनवर रिमोटने, म्हणजे इथूनच इंटरनेटवरून, घुसला, आणि मी त्याच्या हातातून हेडफोन अक्षरशः ओढून घेतला.

ताईंना म्हटलं, इंटरनेटची वायर काढा आणि कशालाही हात लावू नका. त्या घाबरल्याच. पण लाइट आत्ताच गेलीय, म्हणाल्या, सगळं बंद पडलंय. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, बरं झालं, लाइट आली तरी चालू करू नका, मी येते.

मग मी सपोर्टवाल्याला विचारलं, रिमोटने घुसून काय केलंस? सेटप तिसऱ्यांदा चालवलास का?

तो म्हणाला, दोनदा की तीनदा, आठवत नाही. बहुतेक चालू करतच होतो.

आठवत नाही! माझं डोकंच फिरलं. कारण मला आता सगळं दिसत होतं. सेटपने पहिल्या वेळी बॅकअप काढला, नावं बदलली, मग अडकला. मागे येताना त्याने प्रोग्राम जुना आणून ठेवला, पण डेटा मागे आणायला विसरला. कारण ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि तपासणाऱ्याने बटण दाबून पास करून टाकलं होतं. दुसऱ्या वेळी सेटपने बघितलं, प्रोग्राम जुना आहे, म्हणजे डेटाही जुनाच असणार. म्हणून बदललेल्या डेटाचाच बॅकअप काढला, आधीचा चांगला बॅकअप पुसून त्याच्या जागी, आणि बदललेली नावं पुन्हा बदलायला घेतली. खरी मराठी अक्षरं त्या बदलणाऱ्याला वाचताच येत नाहीत. न वाचलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह टाकतो. प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही, कुणालाच.

म्हणजे दोनदा चालला असेल तर मशीनवरच्या डेटात प्रश्नचिन्हं, पण बॅकअपमध्ये एकदाच बदललेली, नीट नावं. तिसऱ्यांदा चालला असेल तर बॅकअपमध्येही प्रश्नचिन्हं. आणि पाड्यावरची पोरं पहिल्यापासून.

मी पेनड्राइव्हवर लागणाऱ्या गोष्टी घेतल्या. ताईंनी एररचा फोटो पाठवला होता, त्यावरून अडकण्याचं कारण मला कळलंच होतं. नव्या व्हर्जनसोबत जी एक लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरला चालायला लागणारी तयार फाइल, बसते, तिला विंडोजचं एक जुनं अपडेट आधी लागतं. ते डब्यावर नव्हतं, ताईंकडे नव्हतं, आणि हेडच्या गुळगुळीत खिडकीत होतं. डबा असता तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं. डब्याच्या जागी आता पाणी गार होत होतं.

मालकांनी हेडलाही सोबत धाडलं. गाडी त्याची होती, एसी वगैरे. वाडा रोडच्या खड्ड्यांत त्याची गाडी खालून घासली की तो दर वेळी ‘ओह’ म्हणायचा. कंटेनर अंगावर आले की डोळे मिटायचा. वाटेत मला समजावत होता की प्रॉब्लेम टेस्टिंगचा नाही, क्लायंटच्या एन्व्हायर्नमेंटचा आहे. मी खिडकीबाहेर बघत बसले. असल्या माणसाशी काय बोलायचं?

लॅब म्हणजे एका दुकानाच्या गाळ्यात पडदा लावून केलेल्या दोन खोल्या. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. त्यात एक बाई होती, पाड्यावरची, मांडीवर अशक्त पोरगी घेऊन. पोरीचे डोळे पिवळट झाले होते. लाइट आली होती, पण ताईंनी मशीन चालू केलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला आमच्या ऑफिसातल्या एकेकाला आणून तिथे उभं करावंसं वाटलं.

हेड खुर्चीत बसला, मशीन चालू केलं आणि ताईंना पहिला प्रश्न काय विचारला असेल? म्हणाला, याचा स्नॅपशॉट घेतलेला आहे का?

मी कपाळावर हात मारला. खऱ्या मशीनवर, अंबाडी नाक्यावर, हा माणूस आपलं बटण शोधत होता! ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, नाही हो, तसलं काही तुमच्याकडे नसतं. कुणाकडेच नसतं. ते फक्त यांच्या लॅपटॉपमध्ये असतं.

तो थोडा चपापला. मग म्हणाला, ठीक आहे, सेटप एकदा क्लीन रन करू. आणि त्याने माउस हातात घेतला. सेटप डेस्कटॉपवरच होता, समोरच.

“हात काढा,” मी म्हणाले. मोठ्याने नाही. पण त्याने काढला.

मी आधी डेटाचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, बॅकअपसकट. मग मशीनवरचा डेटा बाजूला ठेवला. विंडोजचं अपडेट टाकलं, मशीन बंद करून चालू केलं. मग रिकाम्या जागेवर नवीन व्हर्जन बसवलं, म्हणजे सेटपला पुन्हा नावं बदलायला डेटाच मिळू नये. या वेळी कुठे अडकलं नाही. यातलं काहीही अवघड नव्हतं. ऑफिसात एका दुपारी बसून कळलं असतं, बसायची तयारी असती तर.

आधी मशीनवरचा डेटा उघडला. पेशंटची यादी आली. तारखा बरोबर, आकडे बरोबर, हिमोग्लोबिन सगळ्यांचं जागच्या जागी. आणि नावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. ताईंनी पडदा ओढून घेतला, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. हेड माझ्या मागून वाकून बघत होता. म्हणाला, निदान नंबर तरी वाचलेत.

मी त्याच्याकडे वळलेसुद्धा नाही. कुणाचे नंबर? बाहेर बाकावर बसलेल्या पोरीचं हिमोग्लोबिन यातलं कुठलं, हे तू सांगणार आहेस का, असं विचारायचं होतं. पण मला आधी बॅकअप उघडायचा होता. खरं सांगते, तो उघडायची मला भीती वाटत होती. मी तो उघडेपर्यंत सपोर्टवाल्याचं ‘आठवत नाही’ डोक्यात घुमत होतं.

उघडला. आणि नावं आली. मराठीत, नीट, काना-मात्रेसकट. तिसऱ्यांदा चालला नव्हता. लाइट वेळेवर गेली, एवढंच. आमच्या अख्ख्या कंपनीच्या अकलेपेक्षा अंबाडीच्या लाइटने जास्त काम केलं.

ताईंनी खुर्ची ओढून घेतली आणि एक नाव टाइप केलं. त्या पोरीचं. जुने रिपोर्ट एकाखाली एक उभे राहिले, वर्षानुवर्षांचे. ताईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पडदा बाजूला करून त्यांनी त्या बाईला आत बोलावलं. बाई दारातच थांबली, पोरीला कडेवर घेऊन. विचारलं, “हाय का गं माझ्या पोरीचं? का न्हाय?”

“आहे,” ताई म्हणाल्या. “सगळं आहे.”

मी म्हणाले असते, आता झालं, निघू या. पण हेडला हे क्षण साजरे करायची सवय. त्याने हुश्श केलं, बॅगेची चेन लावली आणि हसून म्हणाला, “चला, शेवटी रोलबॅक सक्सेसफुल.”

मी म्हटलं, रोलबॅक झालाच नाही. मागे जाताच येत नव्हतं, म्हणून आपण पुढे गेलो. जुनं व्हर्जन या डेटावर पुन्हा कधीच चालणार नाही. जुना डेटा आपल्या सेटपने दुसऱ्याच फेरीत पुसला.

ताई पोरीच्या बोटाला कापूस लावत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, मागे जाता येतं की नाही, हे तुमच्याकडे कुणी तपासत नाही का?

हेडने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी सावरून घेईन असं त्याला वाटलं असावं. आमच्याकडे सगळे एकमेकांना असंच सावरून घेतात, त्यामुळेच तर सगळं असं चालतं. मी सावरलं नाही. म्हटलं, हे साहेबच तपासतात. यांनीच लिहून दिलं होतं, पास म्हणून.

हेड म्हणाला, तसं नाही, आमच्या सिस्टिमवर ते खरंच पास झालं होतं. तुमची सिस्टिम फार जुनी आहे, ताई.

ताईंनी सुई टोचली. पोरगी रडली नाही, तिला सवय होती. रक्ताचा थेंब नळीत नीट उतरेपर्यंत ताईंनी तिचं बोट धरून ठेवलं. मग नळीवर पोरीचं नाव लिहिलं, ती उभी करून ठेवली, आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

“मी हिचं रक्त न काढता, माझंच रक्त तपासून हिला रिपोर्ट दिला, नॉर्मल म्हणून,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही मला काय म्हणाल हो?”

हेड बॅगेवरचा तो बिल्ला हातात धरून उभा राहिला. ताईंनी पोरीच्या बोटावर पट्टी लावली आणि बाहेरच्या बाकावरच्या पुढच्या माणसाला हाक मारली.